काकांना पाठवायच्या उत्तराबद्दल

इंदूर, रविवार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी कविता, काकांचं पत्र आणि त्यांना पाठवायच्या उत्तराचा तुझा मसुदा, तिन्ही काल रात्री वाचले. आधी मसुदा पाठवू नकोस एवढंच कळवणार होतो. मग वाटलं, का ते नीट लिहावं.

काकांनी सहा ओळी लिहिल्या आहेत. तुझं उत्तर दोन पानं आहे.

त्यांचा पहिला मुद्दा बघ. 'निळी ती कवाडे हळू वाजताना' या ओळीतला 'ती' त्यांना भरीचा वाटला. तू लिहिलंस की भुजंगप्रयातात तिसरं अक्षर गुरू लागतं, म्हणून 'ती' घातला. लगागा चार वेळा, हे त्यांना ठाऊक आहे. आयुष्यभर त्यांनी मराठीच शिकवली. 'ती' वृत्तासाठी आलाय हे त्यांना ऐकू आलं, म्हणून तर त्यांनी भरीचा म्हटलं. म्हणजे बचाव करताना तू त्यांचंच म्हणणं कबूल केलंस, फक्त रागाने.

दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. आजी गेली असं समजून त्यांनी कविता वाचली. आपली आजी तर सुदामानगरला आत्याकडे मजेत आहे, फक्त रामबागेतलं घर सुटलं. तू लगेच लिहिलंस, 'तुमचा गैरसमज झाला, मला असं म्हणायचं होतं...' एकदा हे सांगितलंस की काका म्हणतील, अच्छा अच्छा, आणि विषय संपेल. मग आजी गेली असं त्यांना कुठल्या ओळीत वाटलं, ते तुला कधीच कळणार नाही. तुझ्या कवितेच्या पुढच्या वाचकापाशी तू खुलासा करायला नसशील. त्याच्यापाशी कागदावरच्या ओळीच असतील.

हे मला उशिरा कळलं. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. एका घरगुती बैठकीत मी कविता वाचली. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, तिसऱ्या कडव्यात मी हरवलो. मी अर्धा तास त्यांना ते कडवं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझा कागद घडी घालून परत दिला. नंतर कितीतरी वर्षं भेटत होते, दर वेळी 'छान आहे' म्हणायचे. त्याहून एक शब्द जास्त मला त्यांच्याकडून मिळाला नाही. तिसऱ्या कडव्यात काय बिघडलं होतं, ते मला अजून माहीत नाही.

आता उत्तर. मी असं लिहिलं असतं:

'ती. काकांस सा. नमस्कार. कविता इतकी बारकाईने वाचलीत, 'ती'पाशी थांबलात, त्याबद्दल मनापासून आभार. एक विचारू का? आजी आता नाहीत असं आपल्याला कुठल्या ओळीपाशी वाटलं? तेवढं कळलं तर मला फार उपयोग होईल.'

एवढंच. आभार कशाबद्दल ते नाव घेऊन लिही, नुसतं 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद' पावतीसारखं वाटतं. 'पण', 'खरं तर', 'मला म्हणायचं होतं' यांतलं काही लेखणीतून उतरलं तर समज, बचाव सुरू झाला. प्रश्नही तपासून घे. 'आपल्याला तसं का वाटलं?' हा प्रश्न दिसतो, पण त्यात भांडण आहे. 'कुठल्या ओळीपाशी?' यात नाही.

आणि पटलेलं नसताना 'आपलं अगदी बरोबर आहे' असंही लिहू नकोस. आभार त्यांच्या वाचण्याचे मानायचे. शेवटचं कडवं काढून टाका, हा त्यांचा तिसरा मुद्दा मलाही पटलेला नाही. ते कडवं ठेव हवं तर; त्यांना कळवायची गरज नाही. दुसरं कुणी न सांगता त्याच कडव्याशी अडखळलं, तर मात्र पुन्हा बघ. उद्या कुणी म्हणालं की ओळ चोरलेली आहे, तर तिथे गप्प बसू नकोस. तो आरोप झाला, त्याला उत्तर द्यायचंच. काकांच्या पत्रात तसं काही नाही.

मसुदा फाडू नकोस, वहीत ठेव. त्यात कवितेबद्दल तू जे लिहिलंयस त्यातलं बरंच कवितेत यायला हवं होतं. 'त्या घराला पाच दारं होती आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा होता,' हे तू काकांना पटवायला लिहिलंस. मी ते वाचून थांबलोच. 'निळी पाच दारे हळू वाजताना' म्हणून बघ, वृत्तात बसतं. घ्यायचं की नाही ते तू ठरव.

आई विचारतेय, दारं पाच होती की चार? मी मोजली: ओटीचं, माजघराचं, स्वयंपाकघराचं, जिन्याचं आणि मागच्या अंगणाचं. पाचच.

तुझा,
बाबा