चार तासांचा नाद

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "यंदा मुंबई मॅरेथॉन चार तासांत ना?" आणि मी विषय बदलला. खरं सांगतो, कपाटावर चिकटवलेला तो '३:५९'चा कागद मी काढून टाकलाय.

तीन वर्षं तोच आकडा होता आणि निघालं काय? ४:२२, ४:३१, ४:४०. जूनमध्ये जुन्या वह्या काढून बसलो. चार तासांसाठी एक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत पळावं लागतं, म्हणून मी रोजच त्या वेगाने पळत होतो. परिणामी दर दोन-तीन आठवड्यांनी नडगी दुखायची, आठवडा बुडायचा आणि तो भरून काढायला पुन्हा जोरात पळायचो. शर्यतीतही तेच. पहिल्या वर्षी अर्धं अंतर १:५४ मध्ये कापलं आणि उरलेल्या अर्ध्याला २:२८ लागले. पेडर रोडचा चढ आला तेव्हा पाय संपले होते. वर जानेवारीतही मुंबईचा दमटपणा असतोच, तो काय माझ्या हातात होता?

आता वहीत फक्त जे रात्री झोपताना 'झालं' किंवा 'नाही' असं लिहिता येईल तेच ठेवलंय. आठवड्यातून चार वेळा पळायचं, त्यातले तीन दिवस शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या सावकाश. रविवारचं लांब अंतर एका वेळी दोनच किलोमीटर वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं. अगदीच जिवावर आलं, तर बूट घालून पंधरा मिनिटं, तेवढंही चालतं. (पहिल्या महिन्यात तळजाईवर आजोबा लोक मला मागे टाकून जायचे. लाज वाटायची रे!)

पण यातही फसलो. सलग नऊ आठवडे चारही खुणा पडल्या आणि मग त्या खुणांचंच वेड लागलं. नडगी ठणकत असताना पळालो, कारण चौकट रिकामी ठेवायची नव्हती. म्हणजे ३:५९ गेलं आणि त्याच्या जागी खूण आली! आता दुखलं की घेतलेली सुट्टीही 'झालं'मध्येच धरतो.

नुसतं करत राहिलो तर उपयोग होतोय हे कळणार कसं? म्हणून महिन्यातून एकदा तोच सहा किलोमीटरचा रस्ता, पहाटे, तशाच बोलता येणाऱ्या सावकाश चालीने पळतो. जुलैत ४५ मिनिटं लागली, गेल्या आठवड्यात ४२. यातला काही भाग पाऊस सरल्याचा असणार, हवा कोरडी झालीय. पण दोन महिने काहीच हललं नसतं, तर मी वेळापत्रक बदललं असतं.

जानेवारीत किती वेळ लागेल, ठाऊक नाही. चार-दहाही लागतील. तू मात्र पेडर रोडवर उभा राहा, केळं घेऊन. आणि वहिनींना सांग, रात्री जेवायला येतोय, जिना चढता आला तर.

तुझाच,
बाळ्या