घट्ट्यातला काळा डाग: थांबून बघू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेहात पायाला होणाऱ्या जखमांवर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. माहिती नेमकी होती. सोबतचं छायाचित्र मात्र उघड्या, खोल, कडा काळवंडलेल्या जखमेचं होतं. तशी जखम दिसली की माणूस आपणहून दवाखाना गाठतो. मी पायाच्या जखमांच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका आहे आणि मला त्याच्या बऱ्याच आधीच्या पायाबद्दल लिहायचं आहे. तो पाय फोटोत जवळजवळ निरोगी दिसतो, आणि नेमका तिथेच वेळ वाया जातो.

हल्ली रुग्णांची मुलं, सुना, जावई मोबाइलवर पायाचा फोटो पाठवतात. खाली बहुतेकदा एकच प्रश्न असतो: "दुखत नाहीये. थोडे दिवस थांबून बघू का?" असाच एक फोटो एका मुलाने आपल्या आईच्या तळपायाचा पाठवला होता. बाई साठीच्या, मधुमेह जुना. चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी पिवळसर, जाड घट्टा होता, साधारण २ सेंटिमीटर रुंद. कातडी कुठे फाटलेली नव्हती. पू नाही, ओल नाही. फक्त घट्ट्याच्या मध्यापासून जरा बाजूला जांभळट काळा डाग होता, ३–४ मिलिमीटरचा. काहीतरी लागून सुकलं असावं, आठवडाभर मलम लावू, असं मुलाचं म्हणणं होतं.

त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावलं. डॉक्टरांनी आधी पायाच्या नाड्या तपासल्या, कारण रक्तपुरवठा कमी असेल तर घट्टा खरवडतानाही हात आखडता घ्यावा लागतो. नाड्या चांगल्या लागत होत्या. मग पात्याने घट्टा थर थर करून उतरवला. बाईंना काहीच जाणवत नव्हतं, त्या मुलाशी गप्पा मारत होत्या. काळ्या डागाखाली सुकलेलं रक्त निघालं आणि त्याच्या खाली ८ मिलिमीटरची जखम. वरून जो डाग दिसत होता त्याच्या दुप्पट. सुदैवाने ती उथळ होती. बोथट सळई हलक्या हाताने आत घातली तेव्हा ती हाडाला लागली नाही, आणि आजूबाजूला लाली किंवा सूजही नव्हती.

हे असं का होतं ते समजलं की तो डाग वेगळ्या नजरेने दिसतो. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात, त्यामुळे वेदना तर जातेच, पण पायातल्या लहान स्नायूंचा तोलही बिघडतो. बोटं आकड्यासारखी वळतात आणि चवड्यातल्या हाडांची टोकं खाली दाबली जातात. घाम कमी होऊन कातडी कोरडी पडते. रोज एकाच जागी दाब आला की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, तो घट्टा. पुढे तोच घट्टा बुटात अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मऊ भागावर दाब देऊ लागतो. ज्याच्या नसा शाबूत आहेत तो लंगडतो, पाऊल वेगळं टाकतो, चप्पल बदलतो. नस गेलेला माणूस त्याच जागेवर तेवढाच भार देत चालत राहतो. आतले ऊतक चिरडतात, बारीक रक्तस्राव होतो आणि ते रक्त घट्ट्यात मुरून लाल, मग जांभळं, मग काळं दिसतं. म्हणजे तो डाग दिसेपर्यंत आतल्या भागाला इजा होऊन गेलेली असते. वर झाकण आहे म्हणून जखम दिसत नाही, एवढंच. घट्टा नीट उतरवला की त्या जागेवरचा दाब पाव हिश्शाहूनही अधिक कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणून घट्टा काढणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

"दुखत नाही" हे वाक्य ऐकून मला म्हणूनच दिलासा मिळत नाही, उलट काळजी वाढते. संवेदना शाबूत आहे का, हे घरीही ढोबळमानाने कळतं. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून बोटाने अगदी हलका, सेकंद–दोन सेकंदांचा स्पर्श करायचा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणचा स्पर्श कळला नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असं धरून चालायचं. अशा पायावर घट्टा असेल तर त्याला कधीही किरकोळ म्हणू नये.

आता रंगाबद्दल. पुस्तकात लाली असते ती गोऱ्या कातडीवरची. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर जंतुसंसर्गाची लाली लाल दिसेलच असं नाही. ती जागा आजूबाजूपेक्षा गडद तपकिरी, जांभळट किंवा नुसती ताणलेली आणि चकचकीत दिसते. म्हणून एकाच पायाचा फोटो मला पुरत नाही. दोन्ही तळवे शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, बाजूला मोजपट्टी धरून काढलेला एक फोटो आणि त्याच जागेचा जवळून एक, असं हवं. फोनमधलं कातडी गुळगुळीत करणारं फिल्टर बंद करावं. फोटोआधी मलम, पावडर, लेप काही लावू नये. आयोडीनचा तपकिरी डाग तर सगळाच घोटाळा करतो. तो लावल्यावर खालचा रंग काय होता हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि इतका चांगला फोटो असला तरी त्यात काय दिसत नाही हे लक्षात ठेवायला हवं. नाडी दिसत नाही, खोली दिसत नाही, वास येत नाही, ऊब कळत नाही. ऊब फार महत्त्वाची आहे: एका पायाची जागा दुसऱ्या पायाच्या तशाच जागेपेक्षा २ अंश सेल्सिअसहून जास्त गरम असेल आणि दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, तर आत काहीतरी पेटलं आहे असं समजतात. काळा डाग म्हणजे रक्तच, असंही फोटोवरून ठरत नाही. तो तीळ असेल, रुतलेला काटा असेल, चामखीळ असेल, क्वचित कातडीचा कर्करोगही असेल. घट्टा उतरवूनच ते कळतं. फोटो पाहून "लगेच या" म्हणता येतं. "येऊ नका, काही नाही" असं मी फोटोवरून कुणालाही सांगत नाही, आणि इतर कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे.

मग किती लवकर? नुसता कोरडा घट्टा, रंग सगळीकडे सारखा, भेग नाही, तर आठवडा–दोन आठवड्यांत वेळ घेऊन तो काढून घ्यावा. घट्ट्यात डाग दिसला, त्याखाली पाण्याचा फोड आला, कडा पांढरट आणि ओलसर झाली, भेग पडली किंवा मोज्यावर डाग लागला, तर एका दिवसाच्या आत पाय तज्ज्ञाला दाखवावा. रविवार आला तर सोमवारी सकाळी पहिलं काम ते. पण लाली किंवा गडदपणा जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरपलीकडे गेला, पाय सुजला, वास किंवा पू आला, बोट काळं पडलं, पाऊल थंड आणि फिकट किंवा निळसर झालं, तर सोमवारची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावं. ताप नाही म्हणून थांबू नये. मधुमेहात पायाचा संसर्ग चांगलाच पसरला तरी अनेकांना ताप येत नाही. कारण नसताना अचानक वाढलेली साखर हीच कधी कधी पहिली खूण असते. कडेची लाली पसरते आहे का अशी शंका असेल तर पेनाने तिची सीमा आखून वेळ लिहावी आणि निघावं. आखून घरी बसू नये.

एक वेगळी परिस्थिती इथे सांगायलाच हवी. पाय लाल, गरम, सुजलेला आहे पण जखम कुठेच नाही. मुरगळला असेल म्हणून लोक चालत राहतात. जाणीव गेलेल्या पायात ही हाडं-सांधे ढासळण्याची सुरुवात असू शकते आणि प्रत्येक पाऊल ते वाढवतं. त्या पायावर भार न देता तोही लगेच दाखवावा.

दाखवेपर्यंत करायचं ते थोडंच आहे. त्या पायावर उभं राहणं आणि चालणं शक्य तितकं बंद करावं. जागेवर स्वच्छ कोरडी पट्टी ठेवावी. घट्टा ब्लेडने कापू नये, दगडाने घासू नये. कॉर्न कॅप तर अजिबात नको, कारण त्यातलं आम्ल घट्ट्याबरोबर चांगली कातडीही जाळतं आणि जाणीव नसलेल्या पायाला ते कळत नाही. गरम पाण्यात पाय बुडवू नये, त्याच कारणाने.

त्या बाईंच्या पायाला गुडघ्यापर्यंतचं, स्वतःला काढता न येणारं प्लास्टर घातलं. काढता येणारा बूट लोक घरात काढून ठेवतात, आणि घरातली पावलंही जखमेला मोजावी लागतात. संसर्ग नव्हता आणि रक्तपुरवठा चांगला होता म्हणून हे करता आलं. प्लास्टर दर आठवड्याला बदलून सात आठवड्यांत जखम भरली. मुलगा म्हणाला होता तसा आठवडाभर त्यांनी मलम लावलं असतं, तर त्या त्याच पायावर चालत राहिल्या असत्या. महिन्याभरात त्याच जागी घट्टा पुन्हा जमू लागला. तो जमतोच, कारण हाड तिथेच असतं. आता त्या ठरावीक काळाने येऊन तो उतरवून घेतात, दाब वाटून देणारे इनसोल घातलेले बूट घरातही वापरतात, आणि सून रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात बघते.

पुढच्या वेळी या विषयावर लेख घ्याल तेव्हा उघड्या जखमेशेजारी, तितक्याच मोठ्या आकारात, डाग पडलेल्या घट्ट्याचं छायाचित्र छापा, आणि ते सावळ्या पायाचंही असू द्या, एवढी विनंती आहे.

आपली,
पायाच्या जखमांच्या विभागातील एक परिचारिका