टपरीचा फोटो की चित्र?

आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्या काकांना मुद्रा योजनेतले शिशू कर्ज हवे आहे. त्याची मर्यादा ५०,००० रुपये. त्यांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीला गळ घातली, "अर्जासाठी टपरी जरा नीटनेटकी करून दे." तिने संगणकावर स्टीलचा ओटा, नवी शेगडी, झाकणाची कचरापेटी असे चित्र केले, इतके हुबेहूब, की फोटोच वाटावा. घोळ तिथेच होता. काका ते आजच्या टपरीचा फोटो म्हणून जोडणार होते! बँकेचा माणूस पाहणीला आला असता, तर काळवंडलेला पत्रा आणि लोंबणारी वायर पाहून खऱ्या कागदांवरचाही त्याचा विश्वास उडाला असता. शिवाय सगळे आधीच चकाचक असेल, तर कर्ज कशाला?

मुलीने चित्रावर ठळक अक्षरांत 'प्रस्तावित' लिहिले, शेजारी टपरीचा खरा फोटो लावला आणि काकांना ओट्याचे व शेगडीचे कोटेशन आणायला पिटाळले. पैसे कशावर खर्च होणार हे बँकेला कोटेशनवरूनच कळते, चित्र नसले तरी अडत नाही. बँकांनी एवढी सूचना अर्जासोबत मराठीत छापावी.

– एक वाचक, पुणे