इंद्रधनुष्य गोल का दिसतं?

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

इंद्रधनुष्य सरळ पट्ट्यासारखं का नसतं, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर ४२ अंशांच्या एका कोनात आहे.

चित्रात थेंब टोकदार काढतात, पण पावसाचे लहान थेंब जवळजवळ गोलच असतात. ऊन थेंबात शिरताना वाकतं, आतल्या मागच्या बाजूवरून परततं आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतं. मधोमध शिरलेला किरण आल्या वाटेनेच परत फिरतो. कडेकडे शिरणाऱ्या किरणांचा आल्या वाटेशी होणारा कोन वाढत जातो, पण ४२ अंशांपाशी थांबतो आणि अगदी कडेला उलट कमी होतो. त्यामुळे त्या कोनापाशी किरणांची दाटी होते आणि तिथेच उजेड ठळक दिसतो. हा हिशोब फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये मांडला. ४२ अंश हे तांबड्याचे. जांभळ्याचे साधारण ४०. म्हणून तांबडा बाहेरच्या कडेला.

आता सूर्याकडे पाठ करून उभी राहा. तुझ्या डोक्याच्या सावलीची दिशा सूर्याच्या बरोबर विरुद्ध असते. त्या दिशेपासून ४२ अंशांवरचे सगळे थेंब, मग ते वरचे असोत की डावीउजवीकडचे, जवळचे असोत की लांबचे, तुझ्या डोळ्याकडे तांबडा उजेड धाडतात. एका दिशेभोवती सगळीकडे सारखा कोन ठेवला की वर्तुळच होतं. खालचा भाग जमीन अडवते, उरते ती कमान. तिचं केंद्र प्रत्येकाच्या स्वतःच्या सावलीपाशी, म्हणून तुझं इंद्रधनुष्य आणि शेजारणीचं वेगळं! (हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून धुक्यात दिसणारं गोल इंद्रवज्र मात्र हे नव्हे. ते कितीतरी लहान असतं आणि वेगळ्या कारणाने होतं.)

सूर्य जितका वर, तितकं वर्तुळ खाली. तो ४२ अंशांच्या वर असला, तर सपाट जमिनीवरून आकाशात कमान दिसतच नाही. पुण्यात ऑगस्टच्या मध्यावर दुपारी चारपर्यंत थांबावं लागतं. साडेपाचला सूर्य साधारण २० अंशांवर येतो, तेव्हा कमानीचा माथा क्षितिजापासून २२ अंशांवर असतो. हात ताठ धरून मूठ वळलीस तर ती सुमारे १० अंशांची. दोन मुठी एकावर एक ठेव आणि त्याच्या किंचित वर बघ.

आता इंद्रधनुष्य बहुधा पावसानंतर का दिसतं, ते बघ. डोक्यावर पाऊस चालू असताना बहुधा ढगच सूर्य झाकतात. शिवाय समोर थेंब आणि पाठीमागे मोकळं ऊन, दोन्ही एकाच वेळी हवं. पावसाळ्यात आपल्याकडे ढग बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. संध्याकाळची सर आपल्यावरून गेली की पश्चिम उघडते आणि पूर्वेला थेंब अजून पडतच असतात. म्हणून ते पावसानंतर दिसतं. सकाळी पश्चिमेला दिसलं, तर बहुधा सर यायची आहे. छत्री घेऊन बाहेर पड.

तुझे
बाबा