पहिला पत्ता दोस्ताच्या घराचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक सिनेमाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत दहा चित्रपटांची यादी आली होती. यादीतले चित्रपट थोर आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती नवख्यांसाठी आहे, हे मला पटलं नाही. आमच्या गावच्या वाचनालयात मी सहा वर्षं महिन्यातून एकदा चित्रपट दाखवते. सुरुवात मीही अशाच एका यादीवरून केली होती. पहिलाच चित्रपट पावणेतीन तासांचा रशियन होता. मध्यंतरानंतर खोलीत चारजण उरले, आणि गेलेल्यांपैकी बरेचजण पुढचं वर्षभर फिरकले नाहीत. सिनेमा वाईट नव्हता, मी दार चुकीचं उघडलं होतं.

आता नव्या माणसांना मी पहिल्यांदा इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींचा १९८७ सालचा ‘खाने-ये दूस्त कोजास्त’ दाखवते. नाव फारसी असलं तरी त्यातला दोस्त आपलाच, आणि ‘खाने’ म्हणजे दवाखान्यातला, कारखान्यातला खाना. दोस्ताचं घर कुठे आहे, एवढाच अर्थ. चित्रपटात सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द आहे ‘दफ्तर’, म्हणजे वही. आपलं दप्तर तिथूनच आलं. पंधरा मिनिटांत प्रेक्षक तो शब्द कानाने ओळखू लागतात आणि खालच्या इंग्रजी ओळींकडे बघायचं सोडून देतात. चित्रपट लागू पडतोय की नाही, हे मला तेव्हाच कळतं.

गोष्ट उत्तर इराणमधल्या कोकेर गावची. नेमतझादे नावाच्या मुलाने गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर केलेला असतो. गुरुजी तो कागद फाडतात आणि पुन्हा असं केलंस तर शाळेतून काढून टाकीन, असं बजावतात. त्याच्या शेजारी बसणारा अहमद घरी येऊन पाहतो, तर नेमतझादेची वही आपल्याकडेच आलेली. दोन्ही वह्या दिसायला सारख्या. वही आजच परत द्यायला हवी, आणि दोस्त राहतो शेजारच्या पोश्ते गावात. नक्की कुठे, ते माहीत नाही. संपली गोष्ट. पण प्रश्न इतका साधा आणि मुदत इतकी कडक आहे, की आमच्या वाचनालयात झाडलोट करणाऱ्या मावशींपासून निवृत्त तहसीलदारांपर्यंत सगळ्यांना एकच चिंता लागते: वही पोचते की नाही.

नवख्या माणसाला या चित्रपटात धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. अहमद आईला सांगतो, वही द्यायला जायचंय. आई म्हणते, आधी गृहपाठ कर. तो पुन्हा सांगतो. ती बाळाकडे बघायला सांगते, पाव आणायला सांगते. ती दुष्ट नाही, तिचे हात कामात आहेत आणि कान मुलाकडे नाहीत. तेच बोलणं इतक्या वेळा होतं की भाषा कळण्याची गरजच संपते.

एक प्रसंग जवळून सांगते. लोखंडी दारं विकणारा एक माणूस व्यवहार लिहून घ्यायला अहमदकडे कागद मागतो. अहमदच्या हातात नेमतझादेची वही. तो नाही म्हणतो, वही माझी नाही म्हणून विनवतो. माणूस वही घेतो, पान फाडतो आणि लिहायला लागतो. बाकीचे मोठे आपल्या बोलण्यात गर्क. पडद्यावर एवढंच घडतं, पण पान फाटल्याचा आवाज आला की आमच्या खोलीत दरवेळी कुणीतरी ‘अरे!’ म्हणतं. इथे पार्श्वसंगीताने सांगावं लागत नाही की आता वाईट वाटून घ्या. मी चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे त्या पानाची किंमत मला ठाऊक आहे. ती त्या माणसाला का कळत नाही, हाच हा सगळा चित्रपट आहे.

शेवट मी सांगणार नाही. वहीच्या पानांत मिटलेलं एक छोटं फूल आहे, तेवढं लक्षात ठेवा.

दाखवताना माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. सुरुवातीला मी संवाद मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यात अहमदच्या पळण्याचा, कुत्र्यांचा, वाऱ्याचा आवाज बुडून जायचा, आणि उत्तरार्धातल्या काळोखात हा चित्रपट बराचसा आवाजावरच चालतो. आता मी सुरुवातीला पाच वाक्यांत अडचण समजावते आणि गप्प बसते. पुरस्कारांबद्दल तर आधी अवाक्षर काढत नाही. पुरस्काराचं नाव काढलं की लोक परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसतात.

इराणी चित्रपटांत एवढी मुलं का, असा प्रश्न हमखास येतो. एक कारण संस्थेचं. तेहरानला ‘कानून’ म्हणून ओळखली जाणारी मुलांसाठीची सरकारी संस्था आहे. तिचा चित्रपट विभाग १९७० च्या सुमारास किआरोस्तामींनी उभा केला आणि त्यांचे सुरुवातीचे बहुतेक चित्रपट तिथेच झाले. दुसरं कारण १९७९ च्या क्रांतीनंतरच्या नियमांचं. पडद्यावर बाईने घरातही केस झाकलेलेच हवेत आणि नवरा-बायकोनेही एकमेकांना स्पर्श करायचा नाही. मोठ्यांचं घर खरं दाखवणं इतकं अवघड झाल्यावर अनेक दिग्दर्शक मुलांकडे वळले. म्हणून या चित्रपटांना नुसतं गोड समजू नये. आईला हिजाब घालून कपडे वाळत टाकताना पाहिलं की मी हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या महिन्यात मी जाफर पनाहींचा १९९५ चा ‘द व्हाइट बलून’ लावते. पटकथा किआरोस्तामींचीच. नवरोजसाठी सोनेरी मासा घ्यायला निघालेल्या मुलीची नोट बंद दुकानासमोरच्या जाळीतून खाली पडते. नोट बाहेर निघते एका फुगेवाल्या अफगाण मुलाच्या मदतीने. बहीणभाऊ आनंदात घरी जातात आणि कॅमेरा त्या एकट्या मुलावर थांबतो. तोवर सगळे त्याला विसरलेले असतात, मीही पहिल्यांदा विसरले होते. साध्या गोष्टीच्या आत दुसरी गोष्ट असते, हे लोकांना इथे उमगतं. याच पनाहींवर २०१० साली वीस वर्षांची चित्रपटबंदी घातली गेली, तेही मी त्या वेळी सांगते.

माजिद माजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ अनेकांना आधीच ठाऊक असतो. मला तो आवडतो, पण पहिला म्हणून नको वाटतो. त्यातली शर्यत आणि संगीत आपल्या वतीने रडून घेतात, आणि मग पुढच्या चित्रपटाकडूनही तीच अपेक्षा राहते. असगर फरहादींचा २०११ चा ‘अ सेपरेशन’ चौथ्या-पाचव्या महिन्यात. तोवर माणसं बारकाईने ऐकायला शिकलेली असतात, आणि त्या चित्रपटात कोण काय लपवतंय हे ऐकूनच ओळखायचं असतं. त्यानंतर मात्र जपानी दिग्दर्शक ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ लावला तरी कुणी उठून जात नाही.

आणखी एक दुवा, जो आपल्या वाचकांना आवडेल. पहिला फारसी बोलपट ‘दोख्तर-ए-लोर’ इराणमध्ये नव्हे, आपल्या मुंबईत इम्पीरियल फिल्म कंपनीत बनला. तो १९३३ साली पडद्यावर आला. ‘आलम आरा’वाले अर्देशीर इराणी त्यामागे होते, आणि ते जन्माने पुण्याचे.

आपली पुढची यादी येईल तेव्हा प्रत्येक चित्रपटासमोर दोन गोष्टी छापाव्यात, अशी विनंती आहे: त्याची लांबी मिनिटांत, आणि तो यादीत कितव्या क्रमाने पाहावा. आमच्याकडे पुढच्या महिन्यात अकरा नवी माणसं येणार आहेत. त्यांच्यासाठी पोश्तेचा रस्ता मी ठरवून ठेवला आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सांगली