चष्म्याच्या डबीखाली झाकलेल्या दोन ओळी

बाई, नमस्कार.

तुम्हाला मी आठवत असेन की नाही, कोण जाणे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसलेला आणि त्याच दोन ओळी दहाव्यांदा खोडणारा तो मुलगा मी. गोदेच्या पुरावर गाणं लिहायचं होतं. मुखडा होता, 'गोदामाई, तुझ्या लाटा, आठवणींच्या जुन्या वाटा'. यमक पक्कं होतं, पण पुढे काही सुचत नव्हतं.

त्याआधी एका गीतलेखन शिबिराला मी चांगले पैसे मोजले होते. तिथे यमकांच्या झेरॉक्स वाटल्या आणि 'भावना आतून आली पाहिजे' असं तीन वेळा सांगितलं. आतून म्हणजे कुठून, हे विचारल्यावर चहाची सुट्टी झाली.

तुम्ही माझ्या ओळी वाचल्या आणि चांगलंही म्हणाला नाहीत, वाईटही नाही. पर्समधून चष्म्याची डबी काढून त्या ओळींवर ठेवलीत. 'या आता राहू देत झाकलेल्या,' एवढंच म्हणालात. मग मनगटावरचं घड्याळ काढून पायरीवर ठेवलंत, समोरच्या कोऱ्या पानाच्या मधोमध 'पूर' लिहिलंत आणि दहा मिनिटं दिलीत. त्यावरून सुचतील ते शब्द भोवती फांद्यांसारखे लिहीत जायचं. वाक्य करायचं नाही, यमक जुळवायचं नाही, खोडायचं नाही. त्या डबीचे आभार मानायला हे पत्र आहे. ओळी दिसत होत्या तोवर मनात येणारा प्रत्येक शब्द 'वाटा'शी जुळतो का, हेच मी तपासत होतो. त्या झाकल्या गेल्या आणि हात सुटला.

पहिले दहा-बारा शब्द कुणाच्याही वहीत सापडतील असेच होते: पाऊस, होडी, काळे ढग, गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती, रामकुंड. मग दुतोंड्यावरून मी भरकटत पर्यटकांच्या मोबाईलपर्यंत पोहोचलो, तेव्हा तुम्ही मधल्या 'पूर'वर बोट ठेवलंत. साखळी लांबली की मूळ शब्द सुटतो, म्हणून अडलं की शेवटच्या शब्दाला धरून पुढे न जाता मध्यावर परत यायचं. मी परत आलो आणि नाकात वास आला. ओल्या गाद्यांचा. 2008 च्या पुरानंतर आमच्या घरात कित्येक दिवस तो होता. त्यामागून चिखलानं फुगलेलं दार आलं, जे बंदच होईना. भिंतीवरची पाण्याची रेघ आली. आणि दाराच्या चौकटीवर बाबा दर वाढदिवसाला पेन्सिलनं माझी उंची मांडायचे, त्या रेघा आल्या.

वेळ संपल्यावर डोळ्यांना दिसत नाही किंवा हाताला लागत नाही ते सगळं तुम्ही काट मारायला लावलंत. 'विरह' गेला, 'काळाचा महिमा' गेला. उरलेल्यांतून दोन वेगळ्या फांद्यांवरचे, पण एकमेकांना अडखळणारे शब्द शोधायला सांगितलंत. दोन्हीकडे 'रेघ' होती. एक पाण्यानं ओढलेली, एक बाबांनी. आणि पाण्याची वर होती.

मुखडा झाला:

पाण्यानं ओढली रेघ
माझ्या उंचीच्या वर

दुतोंड्या मारुती गाण्यात यावाच असा माझा हट्ट होता. तुम्ही माझ्या चालीवर 'दुतोंड्या' गुणगुणून दाखवलात. 'ड्या'शी जीभ अडकत होती. 'रेघ'मधला 'रे' मात्र गाताना हवा तेवढा ताणता येत होता. प्रतिमा कितीही आवडली तरी चालीत बसली नाही तर ती सोडायची, आणि एका अंतऱ्यात एकच मोठी प्रतिमा, कारण ऐकणारा पान मागे उलटू शकत नाही. मी पहिल्याच अंतऱ्यात गादी, दार आणि चिखल कोंबले होते. शेवटी गाद्यांच्या वासाला पहिला अंतरा मिळाला, दाराला दुसरा. चिखल वहीतच राहिला.

हे सगळं करताना तुम्ही स्वतःही वहीच्या दुसऱ्या पानावर तीच दहा मिनिटं लिहीत होतात, आणि शेवटी ते पान मला दाखवलंत. त्यावर 'पूर, पुरी, पुरणपोळी' असं काहीतरी होतं. हसू आलं, पण बरं वाटलं. नुसत्या आवाजाच्या जुळणीवरून घसरलेली साखळी कशी दिसते, तेही कळलं. आपलं फसलेलं पान अनोळखी पोराला दाखवणारी माणसं कमी भेटतात, बाई. शहाणपणाचे ताशी दर लावणारी गल्लोगल्ली आहेत.

गाणं पूर्ण झालं. आईनं एकदा ऐकलं आणि काही न बोलता दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. त्यावर आता ऑईलपेंट आहे.

अजूनही लिहायला बसलो की आधी सुचलेल्या ओळींवर काहीतरी ठेवतो. माझ्याकडे चष्मा नाही. परवा कंगवा ठेवला होता.

तुमचा,
पायरीवरचा मुलगा