२४५ नाही, २४६

चि. मुक्ता,

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, "बाबा, आपण अजून जवळपास दोनशे रनांनी मागे आहोत, मग कोहली, रोहित आणि गंभीर उड्या का मारतायत?" तेव्हा तुझी क्लासची वेळ झाली होती, म्हणून आज लिहितोय. पहिलीच कसोटी बघणाऱ्याला तो प्रकार वेड्यासारखा वाटणारच.

ब्रिस्बेनला डिसेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ४४५ धावा केल्या होत्या. पाच दिवसांच्या सामन्यात पहिली फलंदाजी केलेल्या संघाला पहिल्या डावात २०० किंवा त्याहून जास्त आघाडी मिळाली, तर त्यांचा कर्णधार समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला पाठवू शकतो. यालाच फॉलोऑन देणं म्हणतात. एरवी डाव आलटून पालटून होतात. फॉलोऑनमध्ये एकाच संघाचे दोन डाव पाठोपाठ होतात. आता वजाबाकी कर. भारत २४५ वर बाद झाला असता तर आघाडी बरोबर २०० राहिली असती आणि फॉलोऑन देता आला असता. म्हणून २४६ हवे होते. समालोचक तोच आकडा घोकत होते आणि मी वर्तमानपत्राच्या कडेला तेच गणित मांडत होतो.

जडेजा नववा बाद झाला तेव्हा धावा होत्या २१३. म्हणजे अजून ३३ हव्यात आणि मैदानात कोण, तर बुमराह आणि आकाशदीप. दोघंही गोलंदाज. तुझी आई म्हणाली, "आता टीव्ही बंद करा, चहा घ्या." मी चहा घेतला, टीव्ही चालूच ठेवला. एकेक, दोनदोन करत शेवटी कमिन्सच्या चेंडूवर आकाशदीपने गलीच्या डोक्यावरून चौकार मारला आणि २४६ गाठले. तू बघितलास तो नाच याचा होता.

पण २४६ गाठून नेमकं मिळालं काय? वेळ. तो चौथा दिवस होता. फॉलोऑन बसला असता तर ऑस्ट्रेलियाला एकदाही पुन्हा बॅट हातात न धरता उरलेल्या वेळात आपले दहा गडी उडवायचा प्रयत्न करता आला असता. फॉलोऑन टळल्यामुळे आधी त्यांनाच फलंदाजी करावी लागली. त्यांनी घाईघाईत ७ बाद ८९ वर डाव घोषित केला, आपल्यासमोर २७५ धावांचं लक्ष्य आलं आणि बिनबाद ८ झालेले असताना खेळ थांबला तो थांबलाच. पाऊस आपल्या बाजूने होता हे खरं, पण त्या शेवटच्या जोडीने पावसासाठी वेळ काढून ठेवला होता.

पावसाची आणखी एक गंमत सांगतो, ही बऱ्याच जाणत्यांनाही ठाऊक नसते. पहिला दिवस पूर्ण वाया गेला आणि खेळ दुसऱ्या दिवशी सुरू झाला, तर सामना चार दिवसांचा धरतात आणि २०० ऐवजी १५० ची आघाडी पुरते. ब्रिस्बेनला पहिल्या दिवशी १३.२ षटकं झाली होती, म्हणून २०० चाच नियम राहिला. तेवढीही झाली नसती, तर आपल्याला २४६ नाही, २९६ करावे लागले असते. आपण २६० वर सर्वबाद झालो.

तुझा दुसरा प्रश्न: फॉलोऑन देता येतो तर कर्णधार देत का नाहीत? सक्ती नाही, ती त्याची मर्जी. आणि भीती कोलकात्याची. मार्च २००१. तेव्हाही ऑस्ट्रेलिया ४४५ च! आपण १७१ वर सर्वबाद. स्टीव्ह वॉने फॉलोऑन दिला. मॅग्रा, गिलेस्पी, कास्प्रोविच, वॉर्न अठ्ठावन्न षटकं टाकून आले होते, त्यांनाच पुन्हा चेंडू हातात घ्यावा लागला. चौथा अख्खा दिवस लक्ष्मण आणि द्रविड खेळत राहिले, एकही गडी पडला नाही. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, भारत ७ बाद ६५७. दुसऱ्या डावात त्यांच्या गोलंदाजांनी १७८ षटकं टाकली. आणि ज्या संघाने फॉलोऑन दिला त्याला शेवटी पाचव्या दिवसाच्या फिरत्या खेळपट्टीवर ३८४ चा पाठलाग करावा लागला. हरभजनने सहा गडी घेतले, ते २१२ वर आटोपले. मी तेव्हा ऑफिसच्या कॅंटीनमध्ये उभा होतो आणि साहेबही उभे होते, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

म्हणून आता बरेच कर्णधार मोठी आघाडी असली तरी आपल्या गोलंदाजांना पाय पसरू देतात आणि स्वतः पुन्हा फलंदाजी करतात. माझं मत विचारशील तर, चौथ्या दिवशी पावसाचे ढग दिसत असतील तर मी फॉलोऑन देईन, तिसऱ्या दिवशी कडक उन्हात देणार नाही.

पुढच्या कसोटीत पहिल्या डावाचा आकडा लागला की आधी त्यातून १९९ वजा कर आणि वहीत लिहून ठेव. स्वेटर पाठवलाय, मिळाला की कळव.

बाबा